भुवईवरचा वण: एका कथेच्या प्रकल्प नोंदी

4 जानेवारी

कथेचा साचा ठरला. शेळ्या राखणारी बारा वर्षांची सुमी, शहरात गेम आर्ट शिकणारा तिचा चुलतभाऊ, आणि त्याने तिच्या चेहऱ्यावरून घडवलेलं खेळातलं पात्र: भाला घेतलेली, कुणाच्या बापाला न भिणारी लढवय्यी. कथा बाराशे शब्दांच्या आसपास, सोबत तीन चित्रं. सगळी कथा एकाच प्रसंगाची, सुमी ते चित्र फोनवर बघते तेवढीच. आधीचं जे काही आहे ते चार ओळींत उरकायचं.

धोका उघड आहे. 'मुलीने चित्र पाहिलं आणि तिला स्वतःतलं बळ उमगलं' असं लिहिलं की पहिल्या परिच्छेदातच कथा संपते, पुढे नुसतं कौतुक उरतं. बघणं हीच घटना असेल तर बघताना डोळ्यांना नेमकं काय दिसतं ते कथेत यायला हवं. आणि स्वतःचा चेहरा चित्रात बघणाऱ्या माणसाला आधी आनंद होत नाही, आधी काहीतरी खटकतं. हे खटकणं कशामुळे होतं ते नीट शोधायचं आणि त्यातलं एकच कारण कथेच्या मधोमध ठेवायचं.

5 जानेवारी

सुमीच्या चेहऱ्याला एक खूण दिली. डाव्या भुवईच्या बाहेरच्या टोकाकडे वण, साधारण 8 मिलिमीटरचा, शेळीचं शिंग लागून झालेला. चेहऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूंत फरक करणारी ही एकच ठळक गोष्ट. बाकी चेहरा साधा ठेवायचा, कारण खुणा वाढल्या की वाचकाचं लक्ष वाटलं जातं.

भुवईवरचा वण काढताना नवशिके चित्रकार त्वचेवर एक पांढरी रेघ ओढतात, ती स्टिकरसारखी वर तरंगते. जखम भरलेल्या जागी केस उगवत नाहीत, म्हणून वण मुळात भुवईतली फट आहे. आधी भुवईचे केस तेवढ्या जागेत पुसून टाकायचे, फटीच्या दोन्ही काठांवरचे केस किंचित वेगवेगळ्या दिशांना वळवायचे, आणि मग उंचवट्यावर प्रकाशाचा एक बारीक ठिपका ठेवायचा. सावळ्या त्वचेवर वण फिकाही असतो, गडदही असतो. आपण त्वचेपेक्षा जरासा गडद घेतला आहे. सगळ्या चित्रांत आणि मजकुरात 'डावी भुवई' म्हणजे सुमीची स्वतःची डावी. बघणाऱ्याची डावी बाजू म्हणायची असेल तेव्हा तसं स्पष्ट लिहायचं. हा नियम आजपासूनच पाळायचा, कारण पुढे सगळा गोंधळ इथेच होणार आहे.

8 जानेवारी

चित्रासाठी संदर्भ फोटो काढले. मॉडेल मुलगी सुमीच्याच वयाची. फोटो काढण्याआधी तिच्या आईवडिलांची लेखी संमती घेतली, त्यात फोटो कशासाठी, कोण बघणार आणि काम झाल्यावर पुसून टाकणार हे लिहिलं. मुलीलाही वेगळं विचारलं. मूळ फोटो कुठेच छापले जाणार नाहीत.

फोटो काढताना अंतर फार महत्त्वाचं. फूटभर अंतरावरून, म्हणजे 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ 30 टक्के रुंद दिसतं आणि कान मागे दडतात. लेन्सचा यात दोष नसतो. कॅमेरा इतका जवळ असला की नाकाच्या आणि कानाच्या अंतरातला फरक एकूण अंतराच्या मानाने मोठा होतो, एवढंच. अशा फोटोवरून चेहरा घडवला तर तो कुणाचाच राहत नाही. फोन दीड-दोन मीटर लांब धरून झूम करून काढायचा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, समोरून एक, दोन्ही बाजूंनी पाऊण चेहऱ्याचे दोन, आणि दोन्ही कडांचे दोन. त्वचा गुळगुळीत करणारं फिल्टर बंद. उजेडासाठी मुलगी दाराच्या आत, तोंड बाहेर करून उभी. थेट ऊन नको.

फोन चेहरा ओळखून बरेचदा उजेड आपणच वाढवतो आणि सावळा रंग उजळतो, हेही लक्षात ठेवायचं. चेहऱ्याशेजारी एक पांढरा कागद धरून एक जादा फोटो घेतला. त्यात कागद पांढराफेक होऊन त्याच्या कडा विरल्या नाहीत तर उजेड बरोबर. रंग या फोटोतून घ्यायचा, बाकीच्यांतून फक्त आकार.

कथेतला चुलतभाऊ यातलं काहीच पाळत नाही. तो दिवाणावर बसल्या बसल्या फूटभर अंतरावरून एक फोटो काढतो आणि शहरात निघून जातो. म्हणून त्याचं पहिलं चित्र फसतं, आणि ते नेमकं का फसतं हे आपल्याला सांगता येतं.

11 जानेवारी

कथेतलं पहिलं चित्र. हे मुद्दाम चुकीचं काढायचं होतं, त्यामुळे 'लढवय्यी' म्हटल्यावर हात आपसूक जिथे जातो तिथे जाऊ दिला. हनुवटी टोकदार झाली, नाक सरळ आणि बारीक झालं, रंग उजळला, डोळे मोठे झाले, कपाळावर शिरस्त्राण आलं आणि वण गायब झाला. चित्र देखणं आहे. सुमीच्या तोंडी ओळ आली:

> "लई भारी हाय रं दादा. कोण हाय ही?"

ही ओळ ठेवली. ती रागावलेली नाही, खरंच विचारते आहे.

ओळख हरवण्यात सगळ्यात मोठा वाटा शिरस्त्राणाचा आहे, हे बघून चित्रकारांनाही नवल वाटतं. केसांची रेषा आणि चेहऱ्याची बाहेरची चौकट झाकली की ओळखीचा बराच आधार जातो. शिरस्त्राण काढून टाकलं, दोन वेण्या तशाच ठेवल्या, फक्त मागे एकत्र आवळल्या.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. निर्भय दाखवायचं म्हणून डोळे विस्फारले तर उलटच परिणाम होतो. सहज उघड्या डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा मिलिमीटर-दोन मिलिमीटर भाग झाकते. पापणी वर जाऊन बुबुळाच्या वर पांढरं दिसू लागलं की चेहरा दचकलेला वाटतो. भुवया वर जाऊन एकमेकींकडे ओढल्या गेल्या आणि ओठ आडवे ताणले गेले तर तो भ्यालेलाच. दुसऱ्या टोकाला भुवया खाली आणून पापण्या आवळल्या की राग दिसतो. बहुतेक खेळांतली शूर पात्रं खरं तर रागावलेली असतात. भीती नसणं दाखवायला चेहऱ्यावर काही चढवायचं नसतं, ताण उतरवायचा असतो. भुवया आपल्या जागी, पापणी आपल्या जागी, ओठ मिटलेले पण दाबलेले नाहीत, नजर सरळ बघणाऱ्याकडे. बळ दाखवायचं ते मानेत आणि खांद्यांत. मान लांब, खांदे खाली, हनुवटी किंचित आत. हनुवटी वर केली की तोरा दिसतो.

12 जानेवारी

भाला. सुमीची शेळ्यांची काठी तिच्या खांद्याएवढी आहे; भाला डोक्याच्या वर वीतभर जाईल इतका. पकड तिचीच ठेवली, काठी धरताना अंगठा काठीच्या रेषेत सरळ ठेवायची तिची लकब भाल्यावरही आली. कथेत याचा उल्लेख करायचा नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

15 जानेवारी

कथेतलं दुसरं चित्र. भाऊ आता पात्राचं थ्रीडी मॉडेल करतो आणि सुमीच्या सांगण्यावरून वण घालतो. फोनवर चित्र येतं तेव्हा वण दोन्ही भुवयांवर असतो.

हा प्रकार या कामात नेहमी होतो, म्हणूनच कथेत घेतला. थ्रीडी चेहरा बनवताना अर्धाच घडवतात आणि मिरर मॉडिफायरने दुसरा अर्धा आपोआप उमटवतात, त्यामुळे काम निम्मं होतं. पुढे चेहऱ्याची कातडी सपाट उलगडून तिच्यावर रंग भरायचा असतो. उलगडतानाही अर्ध्याच चेहऱ्याची जागा ठेवली आणि दुसरा अर्धा त्याच जागेवर पालथा घातला, तर त्याच आकाराच्या टेक्स्चरमध्ये बारकावे जास्त बसतात. पण मग डाव्या भुवईवर जे रंगवाल ते उजव्या भुवईवरही उमटतं, वण, तीळ, काजळाचा फराटा, काहीही. ओळखायचं कसं? चेहऱ्यावर कुठेतरी एक अक्षर लिहून बघायचं. दुसऱ्या बाजूला तेच अक्षर उलटं उमटलं तर दोन्ही बाजू एकाच जागेवर बसलेल्या आहेत.

उपाय दोन आहेत. पहिला नीट, पण वेळखाऊ: मिरर मॉडिफायर आधी अप्लाय करायचा, मग चेहरा नव्याने उलगडायचा आणि दोन्ही बाजूंना आपापली जागा द्यायची. अंग, हात, पाय तसेच जोडीने राहिले तरी चालतात. दुसरा उपाय झटपट: चेहरा तसाच ठेवून वणापुरता एक बारीक तुकडा भुवईवर वेगळा चिकटवायचा, पारदर्शक कडांचा. मात्र भुवई हलली की तुकडाही तिच्याबरोबर हलला पाहिजे, नाहीतर पात्र कपाळाला आठ्या घालतं आणि वण जागेवरच राहतो. कथेतला भाऊ पहिला उपाय करतो.

खेळ थ्रीडीच का, हेही इथेच नोंदवायला हवं. टूडी लढाईच्या खेळांत पात्राने तोंड दुसरीकडे फिरवलं की बरेचदा तेच चित्र आडवं उलटवतात, दुसरं काढत नाहीत. त्यात डाव्या डोळ्यावरची पट्टी उजव्या डोळ्यावर जाते आणि खेळणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. आपल्या कथेत बाजूलाच अर्थ आहे, म्हणून बाजू न बदलणारं पात्र हवं.

सुमीची प्रतिक्रिया छोटी ठेवली:

> "मला एकच शिंग लागलं हुतं."

18 जानेवारी

आता कथेचा गाभा. तिसरं चित्र सगळ्या बाजूंनी बरोबर आहे. रंग तिचा, वेण्या तिच्या, वण डाव्याच भुवईवर. तरी सुमीला ते चुकीचं वाटतं, आणि तिला वाटतं त्यात खोट नाही.

माणसाने स्वतःचा चेहरा जन्मभर आरशात पाहिलेला असतो. आरशात डावी भुवई आपल्या डाव्या हाताला दिसते. फोटोत किंवा चित्रात तो चेहरा आपल्यासमोर उभा असतो, म्हणून त्याची डावी भुवई आपल्या उजव्या हाताला येते. इतरांना आपण नेहमी या दुसऱ्याच रूपात दिसतो. 1977 साली मिटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. त्यांनी तरुणींना स्वतःच्या फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखी उलटवलेली. त्या स्वतः उलटवलेल्या प्रतीकडे झुकल्या, तर त्यांच्या मैत्रिणी सरळ प्रतीकडे. ज्याला जो चेहरा सवयीचा, त्याला तो बरा वाटला.

सेल्फीच्या कॅमेऱ्याने यात आणखी घोळ केला आहे. फोटो काढताना पडद्यावर आरशासारखं उलटं रूप दिसतं आणि साठवताना काही फोन ते सरळ करतात, काही तसंच ठेवतात. सेटिंगमध्ये ते बदलताही येतं. म्हणून कथेत फोटो मागच्या कॅमेऱ्याने काढलेला आहे. सुमीच्या घरी आरसा आहे, हातात मावणारा. तिने स्वतःचा फोटो क्वचितच पाहिलाय असं एका ओळीत सुचवायचं. घर फार मागासलेलं दाखवायची गरज नाही, फोन सगळ्यांच्या हातात आहे.

तर सुमी म्हणणार, वण दुसरीकडं पडलाय. आणि भाऊ म्हणणार, न्हाय. दोघंही बरोबर. आता हे वाचकाला व्याख्यान न देता कसं दाखवायचं?

19 जानेवारी

बंद फोनची काच हाच आरसा आहे. चालू फोनवर चित्र आहे. दोन्ही एकाच वेळी दिसले तर सुमीला दोन वण दिसतील, एक डाव्या हाताला, एक उजव्या. यावरच प्रसंग उभा करायचा. मात्र हे खरोखर दिसतं का, कधी दिसतं, हे फोन हातात घेऊन तपासून मगच लिहायचं.

पहिला प्रश्न उजेडाचा. साध्या काचेची पुढची बाजू समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 4 टक्के परत फेकते. चेहऱ्यावर दुपारचं कडक ऊन असेल तर तेवढं प्रतिबिंबही पडद्यावर मात करतं आणि चित्र दिसेनासं होतं. घरात अंधारात चित्र दिसतं, प्रतिबिंब नाही. दोन्ही सारखे दिसायला चेहऱ्यावर सकाळचं कोवळं ऊन हवं आणि फोनची पाठ सूर्याकडे. चित्राचा उजळ भाग प्रतिबिंबाला खाऊन टाकतो, म्हणून चित्रही गडद हवं. कथेची वेळ त्यामुळे ठरली: सकाळी, शेळ्या सोडायच्या आधी.

दुसरा प्रश्न मापाचा, आणि इथे भूमिती मदतीला आली. आरशाच्या पृष्ठभागावर आपल्या चेहऱ्याचं प्रतिबिंब जेवढी उंची व्यापतं ती खऱ्या चेहऱ्याच्या उंचीच्या बरोबर निम्मी असते, आरसा जवळ धरा की लांब. एक डोळा मिटून आरशावर साबणाने चेहऱ्याची कड गिरवली की पटतं. बारा वर्षांच्या मुलीचा चेहरा केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत 17 सेंटिमीटर धरला तर काचेवर तो साडेआठ सेंटिमीटर भरतो. फोनचा पडदा साधारण 15 सेंटिमीटर उंच. त्यावर पात्र पायापर्यंत अख्खं उभं असेल तर त्याचं डोकं जेमतेम दोन सेंटिमीटरचं होतं, दोन चेहरे जुळायचा प्रश्नच नाही. म्हणजे सुमीने चित्र दोन बोटांनी मोठं केलं पाहिजे. ती ते तसंही करणारच, वण बघायला.

तिसरी अडचण दोन डोळ्यांची. फोन 30 सेंटिमीटरवर असला तर चित्र 30 सेंटिमीटरवर असतं, पण प्रतिबिंब काचेच्या मागे तितकंच खोल, म्हणजे डोळ्यांपासून 60 सेंटिमीटरवर दिसतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून चित्राकडे बघितलं की प्रतिबिंब दुहेरी होतं, प्रतिबिंबाकडे बघितलं की चित्र. एक डोळा मिटला की दोन्ही एकावर एक बसतात. सुमीला ही युक्ती कुणी शिकवायची गरज नाही. सूर्य तिच्या डाव्या अंगाला ठेवला की ती आपोआप डावा डोळा मिटते.

आणि डोळा मिटल्यावर जे होतं ते कागदावर आधी सुचलं नव्हतं, फोन हातात घेतल्यावर दिसलं. प्रतिबिंबातला डावा डोळाही मिटलेला असतो, आपल्या डाव्या हाताला. त्याच जागी चित्रातल्या मुलीचा उजवा डोळा आहे, आणि तो उघडा आहे.

22 जानेवारी

प्रसंग लिहिला. सध्याचं रूप:

> सुमीनं दोन बोटं फाकवली तशी भालेवाली जवळ आली. आणखी जवळ. आता नुसतं तोंड उरलं.
>
> उन्हाची तिरीप डाव्या डोळ्यात घुसली, तिनं तो मिटला. काचेत तिचं स्वतःचं तोंड उमटलं होतं, पुसट, एक डोळा मिटलेलं. हनुवटीवर हनुवटी बसली होती. वेण्यांवर वेण्या. पण मिटलेल्या पापणीच्या जागी दुसरा एक डोळा उघडा होता. त्याला ऊन लागत नव्हतं.
>
> वण मात्र दोन होते. एक हिकडं, एक तिकडं.
>
> "दादा, वण दुसरीकडं पडलाय."

पहिल्या खर्ड्यात 'जणू ती लढवय्यी तिच्या आतून बघत होती' असं एक वाक्य होतं, ते काढलं. उघड्या डोळ्याला ऊन लागत नाही एवढं म्हटलं की काम होतं. त्याच्यापुढे 'जणू' लावलं की लेखक मधे येऊन उभा राहतो. 'प्रतिबिंब' हा शब्दही प्रसंगात कुठे येऊ दिला नाही. सुमी तो शब्द शाळेत विज्ञानाच्या तासाला वापरेल, अंगणात नाही.

बोलीचं प्रमाण: संवाद पूर्ण बोलीत, निवेदन प्रमाण भाषेत पण 'तिनं', 'सुमीनं', 'हिकडं' अशी बोलण्याकडे झुकलेली रूपं. भाऊ शहरात शिकत असला तरी घरी आल्यावर सुमीशी घरचंच बोलतो.

25 जानेवारी

तिसऱ्या चित्राचा रंग. काम क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये, आधी राखाडी छटांत पूर्ण चेहरा आणि मग रंग.

सावळी त्वचा रंगवताना नेहमीची गफलत सावलीत होते. मूळ रंगात काळा मिसळून सावली केली की त्वचा राखेची दिसते, चेहरा आजारी वाटतो. सावलीत रंग गडद होतो तसा तो लालसरही व्हायला हवा. इथे मधला रंग `#7A4A32` घेतला, सावली `#4A261C`, आणि उजेडाकडची बाजू `#B07A55`. कपाळ, नाकाचा शेंडा आणि खालचा ओठ इथले चकाकणारे ठिपके मात्र उबदार नकोत. तिथे आकाश चमकतं, म्हणून ते किंचित निळसर. सावळ्या त्वचेवर या चकाकीनेच उठाव येतो. ती सोडली तर चेहरा सपाट होतो आणि मग तो उठावदार करायच्या नादात चित्रकार रंगच उजळत जातो. पहिल्या चित्रात सुमी गोरी होते ती याच वाटेने, हेतुपुरस्सर नव्हे. कथेत भावाला दोष द्यायचा नाही.

दर थोड्या वेळाने दोन तपासण्या: रंग काढून टाकून नुसत्या छटा बघायच्या, आणि चित्र आडवं उलटवून बघायचं. उलटवल्यावर एक डोळा खाली घसरलाय की जबडा एका बाजूला कललाय, ते लगेच उघडं पडतं. मात्र क्रिटात हे करायला `M` दाबायचं, त्याने फक्त दृश्य उलटतं. इमेज मेन्यूतून उलटवलं तर फाइलच उलटते, आणि सेव्ह झाली की वण उजव्या भुवईवर. त्यासाठी फाइलच्या कोपऱ्यात वेगळ्या लेयरवर 'डावी' असं लिहून ठेवलंय. अक्षरं उलटी दिसली की थांबायचं.

चेहऱ्यातले मूळचे दोष दुरुस्त करायचे नाहीत. मॉडेल मुलीचं ओठाचं उजवं टोक किंचित वर आहे. ते समान केलं की चेहरा तिचा राहत नाही.

29 जानेवारी

शेवट. सुमी म्हणते वण चुकलाय, भाऊ म्हणतो बरोबर आहे. आता तिसऱ्या माणसाची गरज पडते, कारण भांडण फक्त समोरून बघणाराच मिटवू शकतो. भाऊ फोन सुमीच्या गालाला लावून धरतो, पडदा बाहेरच्या बाजूला, आणि गोठ्याकडे हाक मारतो.

> "काकू, वण कुठं हाय बघा वो!"
>
> आईनं शेणाचा हात तसाच धरून दोन्ही तोंडांकडं आळीपाळीनं बघितलं.
>
> "कुठं म्हंजे? हाय तिथंच हाय की दोघींचा."

'दोघींचा' हा शब्द आईच्या तोंडी आपसूक आला आणि तिथे ठेवला. पात्र आणि मुलगी एकच आहेत असं कथेत कुणीच म्हणत नाही. आई तर त्यांना दोन मुली धरते, आणि तरी खूण जुळवून देते.

त्यानंतर सुमी फोन परत स्वतःकडे वळवते. शेवटची ओळ:

> "मंग तुमास्नी रोज हीच दिसतीया?"

याच्यापुढे आईचं उत्तर लिहिलं होतं, शेळी सुटून पळते असंही लिहिलं होतं. दोन्ही काढलं. प्रश्न खरा आहे आणि वाचकाकडे उत्तर द्यायला लागणारी सगळी सामग्री आधीच पोहोचलेली आहे.

एका वाचकाने खर्डा वाचून विचारलं की चित्र उलटवून सुमीला का दाखवलं नाही, तिला लगेच ओळख पटली असती. पटली असती, पण मग तिला आरशातलीच सुमी परत मिळाली असती.

3 फेब्रुवारी

छपाईची फाइल. पान ए-फाइव्ह, 148 बाय 210 मिलिमीटर, चारी बाजूंनी 3 मिलिमीटर जादा, म्हणजे 300 डीपीआयला 1819 बाय 2551 पिक्सेल. गडद त्वचेचं चित्र छापताना दोन गोष्टी होतात. पडद्यावर मागून उजेड असतो, कागदावर नसतो, म्हणून सावल्या एकमेकींत मिसळून चेहऱ्याची एक बाजू काळी पडते. आणि शाई शोषून घेणाऱ्या कागदावर ती आणखी पसरते. नमुना छापून घेतला तेव्हा सावलीतला डोळा बुजला. सावल्यांच्या छटा थोड्या वर उचलल्या, मधल्या रंगाला हात लावला नाही. नमुना दिवसाच्या उजेडातच बघायचा, ट्यूबलाइटखाली त्वचा हिरवट वाटते आणि माणूस नको ती दुरुस्ती करतो.

तिसऱ्या चित्रात काचेवरचं प्रतिबिंबही आहे, ते वेगळ्या लेयरवर. मूळ चेहरा आडवा उलटवून, एक डोळा मिटवून, स्क्रीन मोडमध्ये, 35 टक्के अपारदर्शकता. 50 च्या वर गेलं की भूत वाटतं, 20 च्या खाली छापल्यावर दिसतच नाही.

पानं लावणाऱ्यासाठी सूचना फाइलसोबत जोडली. चित्रातला चेहरा पानाच्या आत, मजकुराकडे बघावा म्हणून मांडणी करताना चित्रं सर्रास उलटवली जातात. हे चित्र डाव्या पानावर आलं किंवा उजव्या, उलटवायचं नाही. जागा जमत नसेल तर मजकूर सरकवायचा. फाइलचं नाव `sumi_03_flip_karu_naka.tif`. छपाईआधीच्या शेवटच्या प्रतीत तपासायचं ते एवढंच: रंगवलेला वण बघणाऱ्याच्या उजव्या हाताला, पुसट वण डाव्या हाताला, आणि मिटलेला डोळा पुसट वणाच्या खाली.